दोन जाहिरातींपैकी सरस कोणती? थोड्या आकड्यांतून संभाव्यता कशी वाचावी



दहावीच्या गणित भाग 1 मध्ये मुले संभाव्यता शिकतात. नाणे, फासा, पत्ते एवढ्यावरच तो धडा संपतो. पण घरगुती धंदा करणाऱ्याला रोज पडणारा एक प्रश्न याच धड्यातला आहे. तो आज आपण उदाहरण घेऊन सोडवू. आकडे मी मांडणीसाठी घेतलेले आहेत, हिशोब मात्र खरा आहे.

उदाहरण

समजा, अमडापुरातली एक ताई उन्हाळ्यात पापड, कुरडया, शेवया करून विकते. तिच्याकडे 240 ग्राहकांचे नंबर आहेत. जाहिरातीला पैसे नाहीत, व्हॉट्सॲपवरचा संदेश हीच तिची जाहिरात. आजवर ती नुसती भावांची यादी पाठवायची. याला आपण 'जुना संदेश' म्हणू. आता मुलीने सुचवले की यादीच्या वर ताज्या कुरडयांचा फोटो टाकायचा. हा 'नवा संदेश'.

ताईने 240 नावांच्या चिठ्ठ्या करून, मिसळून, 120-120 चे दोन गट केले आणि एकाच दिवशी, एकाच वेळी संदेश पाठवले. आठवड्याने मोजले तर जुन्या संदेशावर 6 ऑर्डर आल्या होत्या, नव्यावर 11. म्हणजे 5 टक्के आणि जवळपास 9.2 टक्के.

आता नवा संदेश सरस म्हणायचा का? की हा नुसता योगायोग?

नेहमीची परीक्षा काय सांगते?

संख्याशास्त्राच्या पुस्तकातली नेहमीची पद्धत असे विचारते: दोन्ही संदेश अगदी सारखे असते, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने किती वेळा दिसला असता? इथे उत्तर येते, शंभरात सुमारे 21 वेळा. नियम आहे 5 पेक्षा कमीचा. म्हणून निकाल 'फरक सिद्ध झाला नाही'. पण ताईला उद्या कोणता तरी एक संदेश पाठवायचाच आहे. तिचा प्रश्न वेगळा आहे: नवा संदेश जुन्यापेक्षा सरस असण्याची संभाव्यता किती?

या प्रश्नाला सरळ उत्तर देणारी रीत थॉमस बेझ यांच्या निबंधातून आली. तो त्यांच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकात केंब्रिजच्या हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी ती रीत नेटाने मांडली, आणि त्यांच्याच हाताखाली आपल्या कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी पीएच.डी. केली. पुढे पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनीच उभा केला.

हिशोब कसा करायचा?

या रीतीत आपण आधी काय मानत होतो ते आकड्यात लिहायचे आणि त्यात नवी माहिती मिळवायची. काहीच माहीत नसेल तर सुरुवात '1 हो, 1 नाही' अशी करतात. मग जुन्या संदेशाचे होतात 7 हो आणि 115 नाही, नव्याचे 12 हो आणि 110 नाही. यावरून नवा सरस असण्याची संभाव्यता निघते सुमारे 89 टक्के.

पण ताईला काहीच माहीत नाही, असे कसे? आधीच्या हंगामांत शंभर जणांना संदेश गेला की साधारण 5 ऑर्डर येत, हा तिचा अनुभव आहे. म्हणून दोन्ही संदेशांची सुरुवात '5 हो, 95 नाही' अशी करू. आता जुना 11 हो, 209 नाही. नवा 16 हो, 204 नाही.

पुढचा हिशोब गूगल शीट्समध्ये होतो. पहिल्या ओळीत A1, B1, C1 या घरांत ही सूत्रे अनुक्रमे लिहा आणि 1000 ओळींपर्यंत खाली ओढा:

```
=BETA.INV(RAND(),11,209)
=BETA.INV(RAND(),16,204)
=IF(B1>A1,1,0)
```

प्रत्येक ओळ म्हणजे 'खरे दर असे असू शकतात' अशी एक शक्यता. नवा जिंकला की तिसऱ्या रकान्यात 1. आता बाजूच्या मोकळ्या घरात `=AVERAGE(C1:C1000)` लिहा. उत्तर 0.84 च्या आसपास येईल. दर वेळी एक-दोन टक्के इकडेतिकडे होईल, ते चालायचेच.

89 चे 84 झाले, हे नीट पाहा. शिवाय नव्या संदेशाचा अंदाजही 9.2 वरून 7.3 टक्क्यांवर आला. अनुभव थोड्या आकड्यांची उडी खाली ओढतो. ताईने 'विक्री दुप्पट झाली' असे समजून दुप्पट उडीद डाळ आणली असती, तर माल पडून राहिला असता. 84 टक्के हे 'कोण सरस' याचे उत्तर आहे, 'किती सरस' याचे नाही.

मग निर्णय कसा?

चूक झाली तर किती महागात पडेल ते बघायचे. त्यासाठी D1 मध्ये `=MAX(A1-B1,0)` लिहून तसेच खाली ओढा आणि सरासरी काढा. ती येते सुमारे 0.002. म्हणजे नवा संदेश निवडला आणि तो वाईट निघण्याची शक्यताही धरली, तर हजार संदेशांमागे सरासरी 2 ऑर्डरचा तोटा. उलट जुन्यालाच चिकटून राहिले तर हाच तोटा हजारामागे सुमारे 25 ऑर्डर. फोटो टाकायला खर्च शून्य. मग 84 टक्क्यांवरही नवा संदेश घेणे शहाणपणाचे. पण बदलासाठी हजार रुपयांचे बॅनर छापायचे असते, तर त्या जादा ऑर्डरींतून तेवढे सुटतात का हे पाहून, आणखी एक फेरी करून ठरवावे.

कुठे फसगत होते?

पहिली फसगत गट पाडण्यात. अमडापूरच्या ग्राहकांना जुना आणि चिखलीच्या ग्राहकांना नवा संदेश पाठवला, तर आपण गावांची तुलना करतो, संदेशांची नाही. म्हणूनच चिठ्ठ्या. तसेच व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचते. तेव्हा 120 पाठवले म्हणजे 120 पोचले असे नाही. पोचलेले मोजून तेच आकडे हिशोबात घ्यावेत.

दुसरी फसगत उतावीळपणाची. दोन्ही संदेश अगदी सारखे असले तरी, '1 हो, 1 नाही' ने सुरुवात केल्यास साधारण दहापैकी एका चाचणीत नव्याची संभाव्यता 90 च्या वर दिसतेच. रोज आकडे बघून, 90 दिसले की लगेच थांबणाऱ्याला असा खोटा विजय याहून बराच जास्त वेळा मिळतो. म्हणून किती दिवसांनी मोजायचे ते आधीच वहीत लिहून ठेवा.

वर्गासाठी कृती

मुलांना दोन गटांत एकच संदेश पाठवला आहे असे समजायला सांगा. प्रत्येकाने दोन फासे एकदम 60 वेळा टाकायचे, दोन्हीवर 6 आले की 'ऑर्डर'. पहिले 30 डाव 'जुना', नंतरचे 30 'नवा'. प्रत्येकाच्या वहीत कोण जिंकले ते फळ्यावर लिहा. संदेश एकच असूनही काही वह्यांत 'नवा' चांगलाच पुढे गेलेला दिसेल. मग विचारा: फक्त तीच वही आपल्या हाती आली असती, तर आपण काय ठरवले असते?