एक हुद्दा आणि बदललेली मैत्री

प्रश्न : चेकॉव्हच्या एका कथेत रेल्वे स्टेशनवर भेटलेला मित्र अचानक लाचार का होतो?

उत्तर : कथा 'लठ्ठ आणि रोड', साल 1883. निकोलायेव्स्की रेल्वेच्या स्टेशनवर शाळासोबती मीशा आणि पोर्फिरी खूप वर्षांनी भेटतात. डोळे भरून येतात, शाळेतली टोपणनावं आठवतात. पोर्फिरी बायको-मुलाची ओळख करून देतो, आपला आठव्या श्रेणीचा हुद्दाही सांगतो.

मग मीशा आपला हुद्दा सांगतो, तो तिसऱ्या श्रेणीचा, म्हणजे कितीतरी वरचा. पोर्फिरी पांढराफटक पडतो, अंग चोरतो आणि 'अरे-तुरे' सोडून 'महाराज' म्हणू लागतो. बायको-मुलाची तीच ओळख तो पुन्हा करून देतो, आता मात्र अदबीनं. मीशाला हे नकोसं होतं, तो तोंड फिरवून निरोपाचा हात पुढे करतो.

कथेच्या पहिल्या रूपात मीशा पोर्फिरीचा नवा वरिष्ठच निघत होता, म्हणजे भीतीला कारण होतं.

1886 च्या संग्रहासाठी चेकॉव्हनं हा धागा काढून टाकला. आता मीशा त्याला कसलीच इजा करणार नसतो. लाचारी पोर्फिरीच्या आतूनच येते, म्हणून ती जास्त बोचते.