राहात्यात ब्रँडेड सलूनची फ्रँचायझी: सही करण्याआधीचा हिशोब

व्हिडिओत आपण फ्रँचायझी म्हणजे काय ते बघितलं. इथे एका प्रस्तावाचा हिशोब कागदावर मांडू. वही, पेन आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

समजा, तुम्ही ब्युटी पार्लरचा कोर्स केला आहे, पाच-सात वर्षं काम केलं आहे आणि राहात्यात नगर-मनमाड रोडला गाळा मिळतो आहे. एका मोठ्या ब्युटी चेनचा माणूस प्रस्ताव घेऊन येतो. चेन नावाजलेली आहे, शहरात तिची दुकानं तुम्ही पाहिली आहेत. खालचे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण अटी अशा करारांत नेहमी दिसतात तशाच ठेवल्या आहेत.

फ्रँचायझी फी ५ लाख, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५ लाख ९० हजार. ८०० स्क्वेअर फुटाचं दुकान आणि त्याचं इंटिरियर कंपनीच्याच ठेकेदाराकडून, कर धरून १७ लाख. खुर्च्या, मशिनरी, एसी ६ लाख. सुरुवातीचा माल २ लाख १० हजार. गाळ्याचं डिपॉझिट १ लाख. एकूण ३२ लाख. रॉयल्टी विक्रीच्या १० टक्के किंवा महिना २५ हजार, यातलं जे जास्त असेल ते. मार्केटिंगसाठी आणखी २ टक्के. माल फक्त कंपनीकडून, महिन्याला किमान ५० हजारांचा. करार पाच वर्षांचा, त्यातली पहिली तीन वर्षं लॉक-इन.

कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं: महिना विक्री साडेचार लाख, नफा ३० टक्के, पैसे दोन वर्षांत वसूल. गणित करून बघा. साडेचार लाखांचे ३० टक्के म्हणजे १ लाख ३५ हजार, गुणिले २४ महिने, ३२ लाख ४० हजार. गणित बरोबर आहे. प्रश्न साडेचार लाखांचा आहे. सरासरी बिल ६०० रुपये धरलं तर महिन्याला ७५० गिऱ्हाईकं, म्हणजे सुट्टी न घेता रोज २५. आपल्या गावातल्या चांगल्या चालणाऱ्या पार्लरसमोर चहाच्या टपरीवर बसा. एक सोमवार आणि एक रविवार, दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत किती जण आत गेले ते मोजा. हे काम कंटाळवाणं आहे, पण या आकड्याइतकं खरं दुसरं कोणी तुम्हाला सांगणार नाही.

आणखी एक. राहात्याचा प्रस्ताव दाखवताना शिर्डीची गर्दी हमखास दाखवतात. शिर्डीला येणारा भाविक दर्शन घेतो, प्रसाद घेतो आणि गाडी पकडतो. तो पाच-सहा किलोमीटरवर राहात्याला येऊन फेशियल करून घेत नाही. तुमचं गिऱ्हाईक राहाता, साकुरी, अस्तगाव, बाभळेश्वर, लोणी या पट्ट्यातलं आहे. त्यांनाच मोजा.

आपण अडीच लाख विक्री धरू. रोज साधारण १४ गिऱ्हाईकं. नव्या दुकानाला तीही सोपी नाहीत. आता खर्च. रॉयल्टी २५ हजार, मार्केटिंग ५ हजार, मिळून ३० हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी ५,४००. कंपनीला गेले ३५,४००. माल ५० हजार, भाडं २० हजार, चार जणांचे पगार आणि इन्सेंटिव्ह ८५ हजार, लाईट बिल १४ हजार, टॉवेल धुलाई, सॉफ्टवेअर, किरकोळ १२ हजार. एकूण २ लाख १६ हजार ४००. हातात उरले ३३,६००. यात तुमचा स्वतःचा पगार धरलेला नाही.

आता ३२ लाखांना ३३,६०० ने भागा. ९५ महिने येतात, म्हणजे जवळजवळ आठ वर्षं. आणि करार आहे पाच वर्षांचा! पाच वर्षांत हातात येतात २० लाख १६ हजार. त्यानंतर नूतनीकरणाची फी, आणि बऱ्याचदा नवीन डिझाइनप्रमाणे इंटिरियर पुन्हा करा ही अट. ३२ लाखांपैकी २० लाख बँकेचे असतील, ११ टक्क्यांनी सात वर्षांसाठी, तर हप्ताच साधारण ३४,२०० येतो. म्हणजे उरलेले पैसे हप्त्यालाही पुरत नाहीत. म्हणून फी किती हे विचारण्याआधी हे विचारा: पैसे वसूल व्हायला लागणारे महिने कराराच्या महिन्यांपेक्षा कमी आहेत का? नसतील, तर ब्रँड कितीही मोठा असो, आहे त्या अटींवर प्रस्ताव घ्यायचा नाही.

वरच्या हिशोबात जीएसटी मी खर्चात का धरला, हे नीट समजून घ्या, कारण इथे जुनं माहितीपत्रक फसवतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून-पार्लरच्या सेवेवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकासाठी चांगलं झालं. पण हा ५ टक्क्यांचा दर इनपुट क्रेडिटशिवाय आहे. पूर्वी फी, रॉयल्टी, इंटिरियर यांवर भरलेला कर तुम्ही गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या करातून वळता करत होतात. आता तो तुमच्या खिशातून जातो. माहितीपत्रकात "जीएसटीचं क्रेडिट मिळेल" असं लिहिलं असेल, तर तो हिशोब जुना आहे. नवा करून मागा आणि आपल्या सीएकडून तपासून घ्या.

रॉयल्टीचं कलम वाचताना दोन शब्द शोधा. पहिला, टक्केवारी कशावर? बिलातला जीएसटी वजा करून की धरून? कंपनीने दिवाळीला ५० टक्के सूट जाहीर केली, तर रॉयल्टी मूळ दरावर की गिऱ्हाइकाने खरंच दिलेल्या पैशावर? दुसरा शब्द "किमान". आपल्याकडे लग्नसराई संपली, आषाढी एकादशी झाली, की तुळशीच्या लग्नापर्यंत नवरीच्या मेकअपची कामं जवळपास थांबतात. समजा एखाद्या महिन्यात विक्री १ लाख ४० हजारांवर आली. १० टक्के म्हणजे १४ हजार होतात, पण तुम्हाला २५ हजारच भरायचे आहेत. मार्केटिंगचे २,८०० आणि वर जीएसटी धरून ३२,८०४. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीतले २३ रुपये कंपनीला. कागदावर १० टक्के वाचलं, प्रत्यक्षात २३ गेले. किमान रकमेची अट काढून फक्त टक्केवारी ठेवायला सांगा. निदान पहिलं वर्ष किमान रक्कम नको, एवढं तरी लेखी मिळवा.

मालाच्या अटीत दर आणि किमान खरेदी या दोन्ही गोष्टी चावतात. अडीच लाखांच्या कामाला तुमच्या अनुभवाप्रमाणे ३८ हजारांचा माल पुरत असेल आणि ५० हजारांचा उचलावा लागत असेल, तर दर महिन्याला १२ हजारांचा माल कपाटात साठतो. वर्षाने त्यातल्या डब्यांची मुदत संपते. कंपनीची दरसूची मागा, सगळ्यात जास्त लागणाऱ्या दहा वस्तू निवडा आणि त्याच प्रतीच्या मालाचे भाव नाशिक किंवा नगरच्या होलसेल दुकानात विचारा. थोडा जास्त दर मी समजू शकतो, ब्रँडचा माल आहे. पण दर वाढवण्याआधी किती दिवसांची नोटीस, माल वेळेवर आला नाही तर बाहेरून घेता येईल का, आणि न विकलेला माल परत घेणार का, हे करारात नसेल तर लिहून घ्या.

आता बाहेर पडण्याचा हक्क. हे कलम शेवटच्या पानांवर असतं आणि तिथपर्यंत वाचायला कोणी थांबत नाही. तुम्ही अठराव्या महिन्यात दुकान बंद करायचं ठरवलं, तर लॉक-इनचे १८ महिने बाकी, गुणिले २५ हजार, साडेचार लाख रुपये कंपनी मागू शकते. भारतीय करार कायदा १८७२, कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, आणि कोर्ट त्याच्या आत वाजवी भरपाई ठरवतं. पण ते ठरेपर्यंत वर्षं जातात. वाद गुरुग्राम किंवा बंगळुरूला चालवायचा असं लिहिलं असेल, तर राहात्याहून तारखांना जाणार कोण? सहीआधी एक साधं कलम मागा: लागोपाठ सहा महिने विक्री अमुक रकमेखाली राहिली, तर ९० दिवसांची नोटीस देऊन दंड न भरता बाहेर पडता येईल. आणि कोरे सही केलेले चेक "सिक्युरिटी" म्हणून देऊ नका.

"करार संपल्यावर दोन वर्षं दहा किलोमीटरमध्ये पार्लर चालवायचं नाही", हे कलमही असतं. तुमचं तर हातातलं कौशल्यच तेच आहे. करार कायद्याचं कलम २७ व्यवसायावर बंदी घालणारा करार निरर्थक ठरवतं. करार चालू असतानाची बंदी मात्र चालते, सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या खटल्यात ते मान्य केलं. म्हणजे फ्रँचायझी चालू असताना शेजारी वेगळं पार्लर काढता येणार नाही, पण करार संपल्यानंतरच्या बंदीला कोर्टात आव्हान देता येतं. तरी कलम खोडूनच घ्या, भांडायची वेळच नको. त्याचबरोबर उलटी अट मागा: कंपनीने राहाता आणि शिर्डी दोन्हीकडे दुसरी शाखा द्यायची नाही. नुसतं "राहाता शहर" लिहिलं, तर उद्या साकुरीत दुसरा बोर्ड लागू शकतो.

अमेरिकेत फ्रँचायझी देणाऱ्या कंपनीला सहीच्या किमान १४ दिवस आधी सगळी माहिती लेखी द्यावी लागते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही, त्यामुळे माहिती आपणच मागायची. चालू शाखांच्या यादीसोबत गेल्या तीन वर्षांत बंद झालेल्या शाखांची यादीही मागा. राहात्याएवढ्या गावातल्या दोन चालू आणि दोन बंद शाखांच्या मालकांना फोन करा. "पहिल्या पावसाळ्यात महिन्याला किती विक्री होती?" एवढंच विचारा. बंद झालेला माणूस जास्त मोकळं बोलतो. कंपनी बंद शाखांची यादी द्यायला तयार नसेल, तर बुकिंगचा एक रुपयाही भरू नका.

मग फ्रँचायझी घ्यायचीच नाही का? घ्यायची, पण हिशोब बदलून. हेच दुकान ४५० फुटांचं करा, इंटिरियर कंपनीच्या नकाशाप्रमाणे आपल्या ठेकेदाराकडून करून घ्या, मशिनरी गरजेपुरती घ्या. गुंतवणूक २० लाखांवर येते. भाडं १३ हजार, माल लागेल तेवढाच, ३८ हजारांचा. विक्री तीच अडीच लाख, तर हातात ५२,६०० राहतात आणि पैसे ३८ महिन्यांत वसूल होतात. करार ६० महिन्यांचा. आता बोलायला जागा आहे.

जाता जाता एक कलम बघून ठेवा. गिऱ्हाइकांचे फोन नंबर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात आणि करार संपला की लॉगिन बंद होतं. तुमच्या पाच वर्षांच्या गिऱ्हाइकांची यादी कोणाची, हे करारात लिहिलेलं आहे का ते शोधा. आणि गाळ्याचा भाडेकरार स्वतःच्या नावावरच करा, कंपनीच्या नावावर नको.