शंभर बैठका की पाच?

दांडिया बाजारात व्यायाम म्हटलं की जुम्मादादा व्यायाम मंदिर आठवतं. माझे आजोबा जोर-बैठका काढणाऱ्यांपैकी. त्यामुळे आत्याचा रिपोर्ट आला तेव्हा घरातला पहिला सल्ला होता, "रोज शंभर बैठका काढ, हाडं लोखंडाची होतील." हा सल्ला अर्धाच बरोबर का आहे, ते मला तिच्याबरोबर फिरताना कळलं.

आत्या चव्वेचाळीस वर्षांची. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडायला नको होतं, म्हणून डॉक्टरांनी डेक्सा तपासणी सांगितली. कण्याचा टी-स्कोअर आला उणे 1.8. कागदावर 'ऑस्टिओपेनिया' छापलेलं पाहून घरात रडारड झाली. पण टी-स्कोअर ही तरुण प्रौढांशी केलेली तुलना असते. पाळी चालू असलेल्या बाईसाठी झेड-स्कोअर, म्हणजे तिच्याच वयाच्या बायकांशी केलेली तुलना, आधी बघायची. तो उणे 2 किंवा त्याखाली गेला तर वयाच्या मानाने कमी समजतात. आत्याचा उणे 1.5 होता. डॉक्टरांनी औषध दिलं नाही. आधी थायरॉइड, पॅराथायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सीलिअॅक आजार तपासला, कारण या वयात हाड विरळ होण्यामागे दुसरंच काही दडलेलं असू शकतं. सापडली फक्त ड जीवनसत्त्वाची कमतरता.

आता बैठकांकडे येते. हाड जिवंत आहे, त्यावर नेहमीपेक्षा जास्त आणि झटपट ताण आला की ते भर घालतं. पण सवयीच्या ताणाला ते दाद देत नाही, आणि थोड्याच आवर्तनांनंतर त्याची दखल घेणं जवळजवळ थांबतं. म्हणून रोजचं चालणं हृदयाला चांगलं, हाडाला मात्र जुनंच. शंभरावी बैठक दम वाढवते. हाडाला पहिल्या काही बैठकांनंतर नवीन काही कळत नाही. त्यापेक्षा खांद्यावर वजन घेऊन पाच बैठका त्याला जास्त सांगून जातात.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाचा 2018 चा अभ्यास याच कल्पनेवर उभा आहे. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायकांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली जड वजनं उचलली: डेडलिफ्ट, वजनासह बैठक, डोक्यावर वजन ढकलणं, पाच-पाचचे पाच संच, आणि सोबत उड्या. आठ महिन्यांत त्यांच्या कण्याची घनता सरासरी 2.9 टक्के वाढली. हलका व्यायाम करणाऱ्यांची 1.2 टक्के घटली. आत्याची पाळी चालू आहे, त्यामुळे हेच आकडे तिला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

मनगट पूर्ण भरल्यावर तिनं सुरुवात केली. पहिले सहा आठवडे फक्त काठी पाठीला लावून कंबरेतून वाकणं. डोकं, पाठ आणि माकडहाड काठीला टेकलेलंच राहायला हवं, काठी सुटली म्हणजे पाठ गोल झाली. मग दहा किलो, वर्षभरात पस्तीस. पाचव्या वेळी पाठ सरळ ठेवून आणखी दोनदा सहज जमलं असतं, असं वाटलं की वजन वाढवायचं. उड्या दहा-दहाच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. मध्ये गुडघा दुखला, तेव्हा उड्या सोडून टाचा उचलून दणकन टेकवणं केलं. ज्यांच्या मणक्याला आधीच चीर गेली आहे त्यांनी मात्र उड्या आणि जड वजनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. पाठीत एका जागी अचानक कळ आली, उंची कमी वाटली, तर थांबायचं.

जेवणाचं गणित आम्ही वहीत मांडलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबात प्रौढांना दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. आत्याचं चहातल्या दुधावर आणि वाटीभर दह्यावर जेमतेम पाचशे व्हायचं. दोन पेले दूध साधारण 480, दही 120, एका नाचणीच्या भाकरीत दोनशे, वर चमचाभर तिळाची चटणी. झालं. पालकाचं कॅल्शियम मात्र त्यातल्या ऑक्झलेटमुळे अंगी फारसं लागत नाही. गोळी लागलीच नाही. ड जीवनसत्त्वाचा डोस डॉक्टरांनी ठरवला.

दीड वर्षानं त्याच यंत्रावर पुन्हा तपासणी केली. कण्याची घनता 0.850 वरून 0.859, म्हणजे एक टक्का वर. मी पेढे आणायला निघाले तर डॉक्टर हसले. तीन ते पाच टक्क्यांच्या आतला फरक यंत्राचा आणि झोपण्याच्या पद्धतीचाही असू शकतो, त्यामुळे "वाढलं" म्हणता येत नाही. "घटलं नाही," एवढंच लिहिलं त्यांनी. पुढे पाळी जायच्या आसपासच्या काही वर्षांत घट वेगानं होते, तेव्हा हीच मेहनत ती घट फक्त मंद करेल, असंही सांगितलं.

आत्या जिन्यावरून उतरताना आता कठड्याला हात लावते. पेढे आम्ही तरी आणलेच, अर्धा किलो.