उशिरा पोचलेला फराळ आणि माफीचा व्हिडिओ

प्रश्न : आमचा दिवाळी फराळाचा छोटा ब्रँड आहे. यंदा कुरिअरच्या गोंधळात चाळीस डबे भाऊबीज उलटल्यावर पोचले. माफीच्या व्हिडिओत कारण नीट समजावले, तर ग्राहक समजून घेतील ना? – एक उद्योजिका, सांगली

उत्तर : उशिराच्या माफीत कारणाने फारसे काम होत नाही. ग्राहकाने पैसे ब्रँडला दिलेले असतात, कुरिअरला नाही. कुरिअरचे नाव निघाले की माफीची सबब होते. चूक, भरपाई आणि बदल, या क्रमाने संहिता पाऊण मिनिटात संपावी. उदाहरणार्थ :

‘चाळीस घरांत आमचा फराळ भाऊबीजेनंतर पोचला. दिवाळीआधी देण्याचा शब्द आम्ही पाळला नाही. माफ करा. या सर्वांचे पूर्ण पैसे शुक्रवारपर्यंत परत करू. डबा परत पाठवू नका. पुढच्या वर्षी ऑर्डर वसुबारसेच्या दहा दिवस आधी बंद होतील.’

‘गैरसोय झाली असल्यास’ असे मोघम बोलू नये. ती झालेलीच असते. पार्श्वसंगीत आणि डोळ्यांतले पाणीही टाळावे. शुक्रवारपर्यंत पूर्ण परतावा झेपत नसेल, तर जी तारीख पाळता येईल तीच सांगावी. सांगितलेली तारीख हुकली, तर दुसऱ्या माफीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

व्हिडिओ टाकण्यापूर्वी चाळीसही ग्राहकांना फोन व्हावा. ज्याचा डबा उशिरा आला, त्याला माफी इतरांबरोबर ऐकावी लागणे बरे नव्हे.

भरपाई ही मेहेरबानी म्हणूनही मांडू नये. 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार, सांगितलेल्या मुदतीनंतर पोचलेल्या मालाचा परतावा, नैसर्गिक आपत्तीसारखे अपवाद सोडता, विक्रेत्याला नाकारता येत नाही.