बोंड नव्हे, स्तन तोंडात जायला हवा

बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी तपासायला गेलो, की पहिलटकरणीचा हमखास एक प्रश्न असतो, "डॉक्टर, बाळ ओढतं तेव्हा डोळ्यांत पाणी येतं. असं दुखतंच का?" नाही. बाळाने तोंड लावताना क्षणभर ओढ जाणवते, पण पाजणं संपेपर्यंत दुखत राहिलं, तर बाळाची पकड चुकली आहे.

गेल्या महिन्यातली एक आई आठवते. दोन्ही बोंडांना चिरा पडलेल्या, बाळ अर्धा अर्धा तास ओढून पुन्हा रडत होतं आणि घरात वरचं दूध सुरू करण्याची चर्चा चालली होती. मी तिला माझ्यासमोर पाजायला सांगितलं. ती बाळावर ओणवी झाली होती. बाळ तिच्या मांडीवर उताणं होतं आणि फक्त मान वळवून ओढत होतं. तुम्ही स्वतः मान पूर्ण एका बाजूला वळवून घोटभर पाणी पिऊन पाहा, म्हणजे बाळाची अडचण कळेल.

आधी तिची बैठक बदलली. पाठीला लोड, मांडीवर उशी. बाळाला पूर्ण कुशीवर वळवलं, त्याचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. डाव्या बाजूला पाजायचं म्हणून उजव्या हाताने बाळाची पाठ आणि मानेचा खालचा भाग धरला. डोक्यावर मागून दाबायचं नाही, दाबलं की बाळ मान मागे टाकतं. डाव्या हाताने स्तनाला खालून आधार दिला, बोटं बोंडाभोवतीच्या काळ्या भागापासून दूर. दोन बोटांच्या कात्रीत बोंड धरून बाळाच्या तोंडात देण्याची सवय अनेकींना असते, पण ती बोटंच बाळाच्या वाटेत येतात.

मग बाळाचं नाक बोंडासमोर आणलं आणि बोंड वरच्या ओठाला हलकेच लावलं. बाळाने जांभई दिल्यासारखा मोठा आ करेपर्यंत थांबलो. आ होताच बाळाला जवळ घेतलं, हनुवटी आधी टेकेल अशा बेताने. बाळाला स्तनाकडे आणायचं, स्तन बाळाकडे न्यायचा नाही.

पकड नीट बसली, की हनुवटी स्तनात रुतलेली दिसते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, गाल भरलेले असतात आणि काळा भाग बाळाच्या वरच्या ओठावर जास्त, खाली कमी दिसतो. बोंड तोंडात खोलवर, टाळूच्या मागच्या मऊ भागापर्यंत पोचतं, म्हणून दुखत नाही. पकड उथळ असेल तर ते पुढच्या कडक टाळूवर चेपलं जातं. म्हणून पाजून झाल्यावर बोंड पाहा. ते तिरकं किंवा चपटं झालं असेल, तर पकड उथळ होती. पाजतानाच बाळाच्या गालांना खळ्या पडत असतील किंवा चटचट आवाज येत असेल, तर ओढून काढू नका. स्वच्छ करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवा, पकड सुटेल. मग पुन्हा लावा. त्या आईचं तिसऱ्या वेळी जमलं. बाळ आधी भराभर, मग सावकाश खोल ओढू लागलं, मध्ये गिळल्याचा आवाज आला आणि तिचे वर चढलेले खांदे खाली आले. चिरांवर पाजल्यानंतर दुधाचेच दोन थेंब लावून वाळू द्या.

सिझेरियन झालं असेल, तर टाक्यांवर भार नको. कुशीवर निजून पाजा, किंवा बाळाला बाजूच्या उशीवर, काखेखाली पाय मागे जातील असं धरा. पाजताना झोप लागेलसं वाटलं, तर शेजारी कुणी जागं असू द्या.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध उतरताना स्तन दाटतात, काळा भाग कडक होतो आणि काल नीट पकडणारं बाळ आज घसरतं. अशा वेळी पाजण्यापूर्वी हाताने थोडं दूध काढा, तो भाग मऊ होईल.

पहिले दोन-तीन दिवस येणारा चीक एका वेळी थोडाच असतो, पण बाळाचं पोटही लहान असतं. दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजा. दूध पुरतं का, हे रडण्यावरून नव्हे, लंगोटावरून ठरवा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून 24 तासांत निदान सहा वेळा शू व्हावी आणि काळी शी पिवळी झालेली असावी. पहिल्या दिवसांत वजन थोडं घटतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं.

बाळ पाजण्यासाठीही जागं होत नसेल, शू कमी होत असेल, अंग पिवळं दिसत असेल किंवा तुम्हाला ताप येऊन स्तनावर लाल, दुखरा पट्टा उमटला असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात या. नुसतं दुखत असेल तरीही या, आणि बाळाला भूक लागलेली असताना या, म्हणजे पकड प्रत्यक्ष पाहता येईल.