श्रुतलेखनात कान कुठवर साथ देतात?

सावली तालुक्यातली एक मुलगी मराठी लघुलेखन शिकायला चंद्रपूरला येत असे. हात वेगवान होता. मिनिटाला ८० शब्दांचा उतारा ती रेघांमध्ये सहज पकडायची. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या लघुलेखन प्रमाणपत्र परीक्षेची तिची तयारी चालू होती, कारण लघुटंकलेखकाच्या सरकारी पदासाठी हाच ८० चा वेग मागितला जातो. तरीही सरावाचे कागद तपासून हाती आले की लाल खुणांनी भरलेले असत. घरच्यांचा आणि शिक्षकांचा सल्ला एकच असायचा, नीट लक्ष देऊन ऐक. ती लक्ष देऊनच ऐकत होती. मी तिचे कागद बारकाईने पाहिले तेव्हा दिसले, की तिच्या बहुतेक चुका कानाने सुधारण्यासारख्या नव्हत्याच.

सरावासाठी रचलेला एक लहान उतारा असा होता: ‘गडचिरोली जिल्ह्यातील ग्रामसभांनी तेंदूपानांच्या लिलावाआधी वनविभागाकडून माहिती मागवली. त्या वेळी चंद्रपुरात बैठक सुरू होती. सभेनंतर गरिबांच्या मजुरीबाबतही निर्णय झाला.’

तिने लिहिले: ‘गडचिरोली जिल्ह्यातील ग्राम सभांनी तेंदू पानांच्या लिलावा आधी वनविभागा कडून माहीती मागवली. त्यावेळी चंद्रपूरात बैठक सुरु होती. सभे नंतर गरीबांच्या मजूरी बाबत ही निर्णय झाला.’

एकही शब्द सुटलेला नाही, एकही चुकीचा ऐकलेला नाही. दोन्ही उतारे मोठ्याने वाचले तर ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही. आजच्या मराठी उच्चारात ‘माहिती’ आणि ‘माहीती’ सारखेच वाटतात, आणि दोन शब्दांमधली जागा तर ऐकूच येत नाही. बोलणारा श्वासासाठी कुठेही थांबतो. प्राथमिक शाळेत गुरुजी ‘लिलावा… आधी’ असे तोडून सांगतात आणि मूल त्या थांब्यावर जागा सोडते. मोबाइलवर टंकताना सुचवलेला शब्द निवडला की पुढे आपोआप जागा पडते. शब्द तोडायची सवय तिथेही पक्की होते.

आधी शब्दांमधल्या जागेचे पाहू. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये आधीच्या शब्दाला जोडून लिहितात. ते ओळखायची खूण सोपी आहे. मोकळ्या जागेच्या आधीचा शब्द एकटा उभा राहतो का, ते पाहायचे. ‘लिलावा’, ‘वनविभागा’, ‘सभे’ हे शब्द वाक्यात एकटे येत नाहीत. ‘लिलाव’चे ‘लिलावा’ झाले याचा अर्थ पुढचा ‘आधी’ त्याला चिकटायलाच आलेला आहे. म्हणून लिलावाआधी, वनविभागाकडून, सभेनंतर.

‘मजुरी’पाशी ही खूण अडते, कारण तिचे रूप बदलत नाही. अशा वेळी तिच्या जागी रूप बदलणारा शब्द ठेवून पाहावा. ‘पगार बाबत’ कोणी म्हणत नाही, ‘पगाराबाबत’ म्हणतात, म्हणून ‘मजुरीबाबत’ही जोडूनच. शेवटचा ‘ही’ तोडला तर तो ‘ती’चा जोडीदार सर्वनाम होतो आणि ‘ही निर्णय’ असे अर्थहीन काहीतरी कागदावर उरते. च, ही, सुद्धा, देखील हे सगळे आधीच्या शब्दाला जोडायचे.

या खुणेचीही मर्यादा आहे. ‘त्या’ हेसुद्धा बदललेले रूप आहे, मग ‘त्या वेळी’ वेगळे का? कारण ‘वेळ’ हे स्वतंत्र नाम आहे आणि ‘वेळी’ हे त्याचे विभक्तीचे रूप. ‘त्या ठिकाणी’, ‘त्या दिवशी’ यांचेही तसेच. जागेच्या पुढचा शब्द स्वतःच नाम असेल तर तोडा, अव्यय असेल तर जोडा. ‘ग्रामसभा’, ‘तेंदूपान’ हे समास आहेत, त्यामुळे तिथे रूपाची खूण चालत नाही. ‘ग्रामपंचायत’ एक शब्द आणि ‘जिल्हा परिषद’ दोन, हे छापील मजकुरात पाहूनच लक्षात ठेवावे लागते. अशा शब्दांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर वाढवत न्यावी.

उरल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या पाच चुका: माहीती, चंद्रपूरात, सुरु, गरीबांच्या, मजूरी. त्यांच्यासाठी मराठी साहित्य महामंडळाचे नियम आहेत. १९६२ साली १४ नियम झाले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. या पाचांना त्यांतले तीनच पुरतात. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ, म्हणून सुरू. शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व, म्हणून माहिती, मजुरी. ‘गरीब’, ‘चंद्रपूर’ यांसारख्या अकारान्त शब्दांत उपान्त्य अक्षर दीर्घ असते, पण सामान्यरूप झाले की ते ऱ्हस्व होते, म्हणून गरिबांच्या, चंद्रपुरात. ‘चंद्रपूरला’ लिहिताना ‘पूर’चे ‘पुरा’ होत नाही, तिथे दीर्घच राहते. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द उपान्त्य अक्षराच्या नियमाला अपवाद आहेत: परीक्षा, पूजा, गुण, मंदिर, शरीरात. आणि, परंतु, तथापि यांचा शेवट ऱ्हस्वच.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत चुकांचा आणखी एक प्रकार दिसतो, आणि त्याचा उपाय निराळा आहे. झाडीबोलीत ण, ळ, श, ष, छ हे उच्चार नाहीत. ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो, ‘पाणी’चे ‘पानी’. या बोलीचा सविस्तर अभ्यास करणाऱ्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिची ही वेगळी घडण मांडली आहे. सिंदेवाही किंवा आरमोरीच्या मुलाने ‘पानी’ लिहिले तर तो निष्काळजीपणा नव्हे, त्याच्या घरची ती शुद्ध बोली आहे. सिरोंच्याच्या तेलुगू घरातल्या मुलाला मात्र ण आणि ळ ओळखीचे असतात, त्याचे अडखळणे दुसरीकडे असते. म्हणून आधी मूल कोणत्या घरातून येते ते शिक्षकाने पाहावे. झाडीपट्टीतल्या मुलाला मन-मण, पान-पाणी अशा जोड्या वाक्यांत घालून लिहायला द्याव्यात, म्हणजे अर्थाबरोबर अक्षर लक्षात राहते.

सरावासाठी बालभारतीच्या पुस्तकातला शंभरेक शब्दांचा परिच्छेद घ्यावा. तो छापील असल्यामुळे ताळा हाताशी राहतो. भावाला, मैत्रिणीला वाचायला सांगावे किंवा मोबाइलवर स्वतःच्या आवाजात भरून ठेवावे. वाचणाऱ्याने शब्द तोडू नये, ‘वनविभागाकडून माहिती मागवली’ असा पूर्ण तुकडा एका दमात म्हणावा. लिहून झाल्यावर तपासणी दोनदा करावी. पहिल्या वेळी फक्त मोकळ्या जागा पाहाव्यात, दुसऱ्या वेळी फक्त इकार-उकार. दोन्ही एकत्र शोधायला गेले की नजर अर्थामागे धावते आणि चुका सुटतात.

मग चुकांची वही. तीन रकाने: जागा, ऱ्हस्व-दीर्घ, घरच्या बोलीतले अक्षर. शुद्ध शब्द लिहून त्यापुढे कारण एका ओळीत लिहावे. आठवड्याने चुकलेली वाक्येच पुन्हा सांगायला लावावीत. त्या मुलीच्या वहीत पहिला रकाना सर्वांत आधी भरला आणि सर्वांत आधी थांबलाही, कारण तिथे बहुतेक वेळा एकच खूण पुरत होती. ऱ्हस्व-दीर्घाला वेळ लागला, आणि संस्कृत शब्द तिला पाठच करावे लागले.

परीक्षेला बसणाऱ्यांनी तोडलेल्या शब्दाची चूक कशी मोजली जाते, हे त्या त्या परीक्षेच्या सूचनांमध्ये आधीच वाचून घ्यावे. उतारा लिहून झाल्यावर मोकळ्या जागा तपासण्यापुरता वेळ राखून ठेवावा. आणि शिक्षकांना विनंती, की श्रुतलेखनाच्या वहीवर नुसती चुकांची संख्या टाकू नका. कोणती चूक कोणत्या प्रकारची आहे तेही लिहा. त्यावरूनच मुलाला पुढचा सराव ठरवता येतो.