आधी दुकानाची वही वाचा

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे एकच प्रश्न येतो, फक्त आडनावं बदलतात. "सर, एआय आणि डेटा सायन्सची ब्रँच मिळतेय. कॉलेज नवं आहे, फी जास्त आहे, पण घेऊन टाकू ना?" मेडिकल, सीए, कॉम्प्युटर हे रस्ते सगळ्यांना पाठ असतात, त्यावर मी वेळ घालवत नाही. या एका प्रश्नावर मात्र पालकांना मी उलट विचारतो: तुमच्या मुलानं आजवर कुठल्या आकड्यांशी झटापट केली आहे?

मागच्या वर्षी एका किराणा दुकानदाराचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला होता. व्हिडिओ बघून त्यानं वडिलांच्या दुकानातल्या पावाचा रोजचा खप सांगणारं मॉडेल केलं होतं. "सर, 95 टक्के अचूक!" वडिलांची छाती फुगली होती. मी विचारलं, हे 95 आले कुठून? त्यानं वर्षभराचे दिवस पत्त्यांसारखे पिसले होते, त्यातले काही शिकवायला घेतले आणि उरलेले तपासायला. म्हणजे 14 तारखेचा अंदाज करताना मॉडेलला 13 बरोबर 15 तारीखही माहीत होती. शिवाय मॉडेलला दिलेल्या माहितीत दिवसभराची एकूण बिलं हाही रकाना होता. तो आकडा संध्याकाळी कळतो, पाव मात्र पहाटे घ्यायचा असतो. प्रश्नपत्रिका आधी फुटली तर 95 टक्के कुणालाही पडतात.

मी त्याला 28 दिवसांचं काम दिलं. रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा अंदाज शाईनं वहीत लिहायचा, खाडाखोड करायची नाही. अंदाज चार होते. पहिला, मागच्या आठवड्यात त्याच वारी जेवढ्या लाद्या खपल्या तेवढ्याच. दुसरा, मागच्या चार आठवड्यांतल्या त्याच वाराची सरासरी. तिसरा, त्याचं मोठं मॉडेल, पण आता फक्त आदल्या रात्रीपर्यंतची माहिती देऊन. आणि चौथा, वडिलांना विचारायचं, "बाबा, उद्या किती जातील?" दुसऱ्या अंदाजाला एक्सेलमध्ये एवढंच लागतं, कारण एकाच वाराच्या ओळी सातच्या अंतरावर येतात:

```
=AVERAGE(B2,B9,B16,B23)
```

चूक मोजायची पद्धतही बदलायला लावली. टक्क्यांत मोजलेली चूक अशा दुकानात फसवते. एकादशीला 12 लाद्यांचा अंदाज केला आणि 6 खपल्या, तर चूक 100 टक्के. रविवारी 40 चा अंदाज केला आणि मागणी 50 ची निघाली, तर चूक फक्त 20 टक्के. प्रत्यक्षात रविवारची चूक 10 लाद्यांची आहे, एकादशीची 6 ची. दुकान बंद असलं की भागाकार शून्यानं, म्हणजे हिशेबच बसत नाही. म्हणून साधं मोजायचं: अंदाज आणि खप यांतला फरक, अधिक-उणे न बघता, लाद्यांमध्ये, आणि त्याची सरासरी. अधिक-उण्यासह सरासरी वेगळी काढायची, म्हणजे आपण सतत एकाच बाजूला चुकतोय का ते दिसतं.

28 दिवसांनी वही आली. मागच्या आठवड्याची नक्कल रोज सरासरी 5.1 लाद्यांनी चुकली होती, मोठं मॉडेल 4.6 नी, चार आठवड्यांची सरासरी 3.9 नी. वडील 3.6 नी. पोरगा हिरमुसला. त्याला म्हटलं, वडिलांना असं काय माहीत आहे जे तुझ्या सरासरीला नाही? संकष्टी, एकादशी आणि शाळेची सुट्टी. तिथी तारखेला बांधलेली नसते, वाराला तर मुळीच नाही, म्हणून ती सरासरीत विरघळते. या दिवसांचा नियम हाताने घातला असता तर सरासरीही वडिलांच्या जवळ आली असती. अर्थात 28 दिवसांत 3.9 आणि 3.6 यांतला फरक खरा की योगायोग, हे छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि ते कबूल करणं हाही हिशेबाचाच भाग आहे.

मोठं मॉडेल साध्या सरासरीपुढे हरलं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. 2020 साली वॉलमार्टच्या विक्रीचे अंदाज बांधायची एम5 ही स्पर्धा झाली. साडेपाच हजार संघ उतरले. निम्म्याहून जास्त संघांना "शेवटच्या दिवशी खपलं तेवढंच पुढेही खपेल" या अंदाजालाही मागे टाकता आलं नाही. जिंकणाऱ्यांनी मशीन लर्निंगच वापरलं होतं, हेही खरं. पण ते शर्यतीत कुणाशी धावत आहेत हे त्यांना माहीत होतं.

खरी गंमत वहीतल्या रविवारच्या आकड्यांत होती. चार रविवारचा खप 40, 37, 40, 40. सरासरी साधारण 39. मी विचारलं, रविवारी पाव किती आणता? चाळीस. मग हा खप नव्हे, हा तुमच्या खरेदीचा आकडा! तीन रविवारी साडेनऊलाच लाद्या संपल्या होत्या, नंतर आलेली गिऱ्हाइकं वहीत कुठेच नाहीत. कितीही भारी मॉडेल आणा, ते तुम्हाला चाळीसच शिकवणार. 37 लाद्यांच्या रविवारी साडेनऊपर्यंत 30 गेल्या होत्या, म्हणजे साधारण 81 टक्के. तोच हिशेब धरला तर बाकीच्या रविवारची मागणी 49 च्या आसपास येते. एका दिवसावरून काढलेला हा आकडा कच्चाच, पण 39 पेक्षा खरा.

"म्हणजे बाबा चुकतायत," पोरगा म्हणाला. नाही. लादी 18 रुपयांना येते, 24 ला जाते, उरली तर टाकायची. एक कमी पडली तर 6 रुपयांचा नफा बुडतो, एक उरली तर 18 जातात. 6 अधिक 18 म्हणजे 24, आणि 6 भागिले 24 म्हणजे पाव हिस्सा. या भावात चारातल्या तीन रविवारी माल संपलेलाच फायद्याचा. बेकरी शिळी लादी 9 रुपयांना परत घेईल, तर हिशेब 6 भागिले 15 होतो आणि थोडी जास्त आणावी. पाव नाही म्हणून दूधही न घेता गेलेलं गिऱ्हाईक यात धरलेलं नाही, ते वडिलांनीच ठरवावं. अंदाज वेगळा आणि ऑर्डर वेगळी, हे बाबांना कुणी शिकवलं नव्हतं.

आता ब्रँचचं. वर जे केलं त्याला संख्याशास्त्र म्हणतात, आणि तो विषय जुन्या सायन्स कॉलेजांत बी.एस्सी.ला आहे, नव्या कॉलेजाच्या फीच्या मानानं कितीतरी स्वस्तात. पोरगा गणितात चांगला असेल तर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचं बी.स्टॅट. बघा. पालक नाक मुरडतात, कारण लग्नाच्या बायोडेटात "बी.एस्सी. स्टॅट" छान दिसत नाही. ज्या नव्या कॉलेजात शिकवायला माणसं आहेत की नाही हे तुम्ही विचारलंही नाही, तिथे केवळ पाटी बघून कर्ज काढून पोराला घालू नका. तुमची हौस त्याच्या चार वर्षांवर फेडू नका.

त्या मुलानं संख्याशास्त्राला प्रवेश घेतला. वडिलांनी वहीत एक रकाना वाढवला आहे. घरात दुकान असेल तर तुम्हीही आजच वाढवा: माल किती वाजता संपला.